उघड्या दाराचे माप : लहान बाथरूममधले आरशाचे कपाट

बेसिनवरच्या आरशाच्या जागी आरशाचे कपाट लावले की भिंतीची एकच जागा दोन कामांना येते. चेहरा पाहता येतो आणि ब्रश, पेस्ट, दाढीचे सामान, तेलाची बाटली, औषधे दाराआड राहतात. दुकानात हे कपाट बंद अवस्थेत मांडलेले असते आणि बहुतेक वेळा लांबी-रुंदी पाहून घेतले जाते. अडचणी मात्र दार उघडल्यावर दिसतात. दार चेहऱ्यावर येते, कोपऱ्यातल्या टाइलवर आपटते, दिव्याचा उजेड अडवते आणि उघडे असताना भिंतीतल्या स्क्रूंवर दुप्पट ओढ आणते. म्हणून बिजागरीची बाजू, खोली, दिवा आणि भिंतीतली पकड या चारही गोष्टी उघड्या दाराच्या हिशेबानेच ठरवाव्या लागतात.

उदाहरणासाठी शहरातल्या फ्लॅटमध्ये सर्रास आढळणारी ४ फूट बाय ७ फुटांची बाथरूम घेऊ. दरवाजा ४ फुटांच्या भिंतीत आहे. आत शिरल्यावर उजव्या हाताच्या लांब भिंतीवर कोपऱ्याजवळ बेसिन, त्यापुढे कमोड आणि शेवटी, समोरच्या आखूड भिंतीवर शॉवर. बेसिन १८ इंच रुंद असून भिंतीपासून १६ इंच पुढे आलेले आहे. त्याची कड कोपऱ्यापासून ३ इंचांवर आहे. त्याच्या बरोबर वर १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच कपाट लावायचे आहे. बाथरूमचा दरवाजा आत उघडतो, पण डाव्या भिंतीला टेकतो. त्यामुळे तो कपाटाच्या वाटेत येत नाही. जिथे तो बेसिनच्या बाजूला उघडतो, तिथे आधी तो पूर्ण उघडून त्याची कड कुठपर्यंत येते याची खूण करावी लागते.

बिजागरी कोणत्या बाजूला

दार उघडताना त्याची मोकळी कड अर्धवर्तुळात फिरते. १८ इंचांचे दार काटकोनात उघडले की त्याची कड कपाटाच्या पुढे १८ इंच येते. त्यात कपाटाची ५ इंच खोली मिळवली तर भिंतीपासून २३ इंच होतात. बेसिनला टेकून सरळ उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा भिंतीपासून साधारण १६ ते १८ इंचांवर असतो. म्हणजे दार उघडायला त्याला एक पाऊल मागे जावेच लागते. ४८ इंच रुंदीच्या बाथरूममध्ये २३ इंच वजा जाता २५ इंच उरतात. तेवढ्यात माणूस मागे सरकू शकतो, म्हणून इथे एकच दार चालते.

आता बाजू. बेसिनकडे तोंड करून उभे राहिले तर या बाथरूममध्ये उजव्या हाताला कोपरा आणि डाव्या हाताला कमोड-शॉवरचा भाग येतो. बिजागरी डावीकडे घेतली तर उघडे दार बाथरूमच्या मधोमध पाखासारखे उभे राहते. छताच्या मध्यावरच्या दिव्याचा उजेड त्याआड जातो आणि कपाटातल्या बाटल्या अंधारात पडतात. कमोडवरून उठणाऱ्याच्या खांद्याला दाराची कड लागते. बिजागरी उजवीकडे, म्हणजे कोपऱ्याच्या बाजूला घेतली तर उघडे दार बाजूच्या भिंतीलगत जाते. समोरची जागा मोकळी राहते आणि उजेड थेट कपाटात पडतो. कोपऱ्यातल्या बेसिनसाठी जवळजवळ नेहमीच हेच उत्तर येते : बिजागरी भिंतीच्या बाजूला, हात घालायची बाजू मोकळ्या जागेकडे. वापरणारा उजखुरा आहे की डावखुरा, हा विचार त्यानंतरचा.

या निवडीत एक खोच मात्र आहे. अशा कपाटांना बहुधा वाटीच्या आकाराच्या, बंद दारामागे लपणाऱ्या बिजागऱ्या असतात. त्यांतल्या नेहमीच्या बिजागऱ्या काटकोनाच्या पुढे, ११० अंशांपर्यंत उघडतात. इथे कपाट आणि बाजूची भिंत यांत फक्त ३ इंच आहेत. १८ इंचांचे दार काटकोनापुढे दहा अंश जायच्या आतच त्याची कड बाजूला ३ इंच सरकते आणि आरशाचा कोपरा टाइलवर टेकतो. घाईत उघडलेले दार तिथे रोज आपटत राहिले तर आरशाचा टवका उडायला वेळ लागत नाही. उपाय दोन आहेत. एक, ९५ अंशांवरच थांबणारी बिजागरी मागणे. दुसरा, दार जिथे टेकते तिथे टाइलवर रबराचे छोटे बटण चिकटवणे. बेसिन सरकवता येत असेल तर कोपऱ्यापासूनचे अंतर वाढवणे उत्तम, पण तयार बाथरूममध्ये ती सोय क्वचितच असते.

बाथरूमची रुंदी साडेतीन फूट किंवा त्याहून कमी असेल तर एकच रुंद दार गैरसोयीचे होते. मग दोन दारे घ्यावीत. नऊ-नऊ इंचांची दोन दारे भिंतीपासून १४ इंचच पुढे येतात, पण त्यांची फट बरोबर नाकासमोर येते. त्यापेक्षा १२ आणि ६ इंच अशी असमान दारे बरी. चेहरा मोठ्या दारात पूर्ण दिसतो.

बाजू दुकानातच ठरवणे गरजेचे असते. साधे, बिनदिव्याचे कपाट अनेकदा उलटे टांगून बिजागरीची बाजू बदलता येते. दिवा, स्विच किंवा खालच्या बाजूची उघडी फळी असेल तर ते शक्य नसते आणि कपाट घरी आल्यावर चूक सुधारता येत नाही.

खोली किती

कपाट जितके खोल तितके सामान जास्त, असे वाटते. बेसिनवर मात्र खोलीची मर्यादा डोक्याने ठरते. तोंड धुताना माणूस वाकतो तेव्हा तोंड बेसिनच्या भोकावर, म्हणजे भिंतीपासून आठ-नऊ इंचांवर येते आणि टाळू भिंतीच्या दिशेने आणखी पुढे जाते. वाकताना ते ध्यानात येत नाही. डोळे मिटलेले असताना सरळ होताना मात्र कपाटाची खालची कड डोक्याला लागते. १६ इंच पुढे आलेल्या बेसिनवर ५ इंच खोलीचे कपाट बहुधा निभावते. त्याहून खोल कपाट घेण्याआधी एक सोपी परीक्षा करता येते. हव्या त्या खोलीचा पुठ्ठ्याचा खोका कपाटाच्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टीने लावावा आणि घरातल्या प्रत्येकाने दोन दिवस तिथेच तोंड धुवावे. खोका वाकला किंवा पडला तर कपाटही डोक्याला लागणार.

बाहेरची खोली ५ इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर असली तरी तेवढी जागा आत मिळत नाही. वाटीच्या बिजागरीसाठी दाराच्या फळीत सुमारे १२ मिलिमीटर खोल भोक पाडावे लागते. त्यामुळे फळी साधारण १६ मिलिमीटरची लागते. तिच्यावर ४ मिलिमीटरचा आरसा आला की दार २० मिलिमीटरचे होते. मागची पाठ ६ मिलिमीटरची धरली तर आत १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंचांना थोडी कमी जागा उरते. ब्रशचा पेला, दाढीच्या फोमचा डबा, तेलाची बाटली तीत आरामात बसतात. शाम्पूची मोठी पंपवाली बाटली बसेलच असे नाही. ती शॉवरजवळच्या कोनाड्यात ठेवणे अधिक सोयीचे. खरेदीला जाण्याआधी घरातली सर्वांत जाड बाटली मोजून ठेवली की प्रश्न मिटतो. बिजागरीच्या बाजूला कपाटाच्या आत तिचा दांडा असतो, तिथे बाटली अडते. म्हणून त्या बाजूची थोडी जागा हिशेबात धरू नये.

भिंत कोरून कपाट आत बसवले तर खोलीचा प्रश्नच सुटेल, असे वाटू शकते. पण बाथरूमची आतली भिंत बहुधा अर्ध्या विटेची, साडेचार इंचांची असते. तीत चार इंचांचा खड्डा केला तर पलीकडे फक्त गिलावा उरतो. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, मिवान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतींत भिंत काँक्रीटची असते आणि ती इमारतीचा भार पेलते. ती कोरायची नसते.

खोलीबरोबर उंचीही ठरते. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचे डोळे जमिनीपासून सुमारे ५६ इंचांवर, तर पाच फूट आठ इंचांच्या व्यक्तीचे सुमारे ६४ इंचांवर असतात. २४ इंचांच्या कपाटाची खालची कड ४६ इंचांवर ठेवली तर आरसा ७० इंचांपर्यंत जातो आणि दोघांनाही चेहरा दिसतो. बेसिनची कड ३२ इंचांवर आणि तिच्यावर पाच-सहा इंचांचा नळ धरला तरी नळ आणि कपाट यांत आठ इंच उरतात. हात धुताना उडणारे पाणी कपाटाच्या तळाला कमी लागते.

दिवा कपाटातच असेल तर

चेहऱ्यासाठी उजेड दोन्ही बाजूंनी यावा. फक्त वरून आला तर डोळ्यांखाली, नाकाखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. दाढी करताना नेमका गळ्याचा भाग दिसत नाही. म्हणून आरशाच्या दोन्ही उभ्या कडांना धुरकट काचेच्या पट्ट्या आणि त्यांमागे एलईडी, ही रचना चांगली. रंगतापमान ४००० केल्विनच्या आसपास असले तर उजेड पिवळटही होत नाही आणि निळसरही. नेहमीच्या पांढऱ्या ट्यूबचा ६५०० केल्विनचा उजेड त्वचा फिकट दाखवतो. खोक्यावर सीआरआय हा आकडा असतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे ते माप आहे आणि ते ९० किंवा अधिक असावे.

दारातच दिवा असला की पुन्हा उघड्या दाराचा प्रश्न येतो. वीज कपाटाच्या खोक्यातून दारात जाते, ती बिजागरीजवळच्या वायरमधून. ही वायर दर उघडझापीला वाकते. ती ताणून बसवलेली असेल तर एक दिवस आतली तार तुटते आणि दिवा आधी लुकलुकतो, मग दार एका विशिष्ट कोनात असतानाच लागतो. असे दिसू लागले तर दोष बहुधा पट्टीत नसून बिजागरीजवळ असतो. दुकानात दार पूर्ण उघडून पाहावे. वायर मऊ असावी, तिला सैल वळसा असावा आणि ती दाराच्या फटीत चिरडत नसावी. एलईडीची पट्टी आणि तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर बदलता येतो का, हेही तेव्हाच विचारावे. बहुधा ड्रायव्हरच आधी जातो. तो आरशामागे चिकटवून बंद केलेला असेल तर त्याच्यासाठी सगळे दार बदलावे लागते.

सुरक्षेचा हिशेब पाण्याच्या अंतरावर चालतो. बाथरूममधल्या विजेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, म्हणजे आयईसी ६०३६४ या मानकाच्या बाथरूमविषयीच्या भागात, पाण्याभोवती विभाग आखलेले आहेत. ज्या शॉवरखाली टब किंवा उथळ कुंडी नसते, तिथे शॉवरच्या पाण्याच्या तोटीपासून १२० सेंटिमीटरपर्यंतची जागा पहिल्या विभागात धरली जाते. आपल्याकडच्या बहुतेक बाथरूम याच प्रकारच्या असतात. उदाहरणातल्या बाथरूममध्ये शॉवर समोरच्या भिंतीवर, दरवाजाच्या भिंतीपासून ८४ इंचांवर आहे. कपाटाची शॉवरकडची कड २१ इंचांवर आहे. मधले अंतर ६३ इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर. कपाट पहिल्या विभागाबाहेर राहते. शॉवर जर लांब भिंतीवर दरवाजापासून साडेचार फुटांवर असता, तर अंतर ८४ सेंटिमीटरच भरले असते आणि कपाट विभागात आले असते.

तरीही कमोडजवळचा हेल्थ फॉसेट आणि साफसफाईच्या वेळचे पाणी लक्षात घेता दिव्याला आयपी ४४ एवढे संरक्षण असावे. यातला दुसरा ४ म्हणजे सर्व दिशांनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव. थेट पाइपने मारलेल्या धारेसाठी तो पुरेसा नाही. दुसरी खबरदारी अशी की कपाटात २३० व्होल्ट न नेता १२ व्होल्टच न्यावेत. ६० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्यांना मिळून साधारण १२ वॉट लागतात, म्हणजे १२ व्होल्टला १ ॲम्पिअर. एवढ्यासाठी ड्रायव्हर बाथरूमबाहेर, स्विचबोर्डजवळ ठेवला आणि तिथून बारीक वायर आत आणली तरी उजेड कमी होत नाही. ड्रायव्हर वाफेपासूनही वाचतो. त्या सर्किटवर ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी असावे. कपाटात दाढीच्या यंत्रासाठी प्लग असलेला नमुना या मापाच्या ओल्या बाथरूमसाठी टाळलेला बरा.

भिंतीतली पकड

कपाटाचे वजन किती, हा प्रश्न अर्धाच असतो. ते वजन भिंतीपासून किती दूर आहे, हा उरलेला अर्धा. ४ मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला १० किलो भरते. १८ बाय २४ इंचांचा आरसा म्हणजे सुमारे पावणेतीन किलो. त्यामागची फळी धरून दार साधारण ५ किलोचे होते. खोका आणि आतले सामान १० किलोचे धरू. एकूण १५ किलो.

हे वजन खाली ओढते, तसेच कपाटाला वरच्या कडेने भिंतीपासून सुटवायलाही पाहते. कपाट खालच्या कडेवर टेकून पुढे झुकू लागते आणि त्याला धरून ठेवतात ते वरचे स्क्रू. ते खालच्या कडेपासून २२ इंचांवर आहेत असे समजू. दार बंद असताना वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ जेमतेम २ किलोची येते. दार काटकोनात उघडले की त्याचे ५ किलो भिंतीपासून १४ इंचांवर जातात आणि ओढ सव्वाचार किलोंपर्यंत चढते. घसरताना कोणी दाराची कड पकडली आणि तीवर २० किलोंचा भार आला तर तीच ओढ २५ किलोंपर्यंत जाते. त्यातलाही मोठा वाटा बिजागरीच्या बाजूच्या स्क्रूवर येतो. चांगल्या विटेत नीट बसलेले प्लग रोजचा भार सहज पेलतात. कपाट पडते ते प्लग विटेत न बसता टाइलमध्ये किंवा भुसभुशीत गिलाव्यात बसल्यामुळे.

भोक पाडण्याआधी भिंतीत काय आहे ते पाहावे लागते. बेसिनचे पाइप, गीझरच्या लाइन आणि स्विचची वायर बहुधा आपापल्या जागेपासून उभ्या किंवा आडव्या सरळ रेषेत जातात. टाइल बसवण्याआधी काढलेला फोटो हाताशी असेल तर सर्वांत उत्तम. धातू शोधणारे यंत्र इथे पुरेसे नाही, कारण सीपीव्हीसीचे पाइप प्लास्टिकचे असतात. गरम पाण्याची लाइन मात्र हाताने सापडू शकते. नळ दहा मिनिटे गरम सोडला की तिच्यावरच्या टाइल कोमट लागतात. टाइलवर बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर त्या टाइलमागे माल भरलेला नाही. तिथे भोक घेऊ नये. काम सुरू करण्याआधी बाथरूमचा मुख्य कॉक आणि वीज बंद करून ठेवावी.

खुणा पाणसळ लावून कराव्यात. टाइलच्या रेषेवर विसंबू नये, कारण ती रेषाच वाकडी असू शकते. भोक टाइलच्या कडेपासून निदान दोन इंच आत असावे. खुणेवर मास्किंग टेप लावला की बिट घसरत नाही. टाइलमधून जाताना ड्रिलचा हॅमर बंद, वेग कमी आणि टाइलचे बिट. टाइल पार झाली की विटेचे बिट लावून हॅमर सुरू. बाहेर येणारा भुगा भिंतीची जात सांगतो. लाल असेल तर वीट, करडा आणि ड्रिलला जोर लागत असेल तर काँक्रीट, पांढरट आणि पिठासारखा पटकन येत असेल तर एएसी ब्लॉक. एएसी ब्लॉकमध्ये साधा प्लग फिरतो. त्याला त्याच ब्लॉकसाठी बनवलेला लांब प्लग लागतो. भुगा ओला आला तर लगेच थांबावे.

विटेच्या भिंतीसाठी हिशेब असा. टाइल १० मिलिमीटर, तिच्यामागचा माल आणि गिलावा २० मिलिमीटर, मग विटेत ५० मिलिमीटर लांबीचा प्लग. म्हणजे भोक ८० मिलिमीटरपेक्षा किंचित खोल. बिटावर तेवढ्या अंतरावर टेप गुंडाळला की भोक पलीकडच्या खोलीत जात नाही. ८ मिलिमीटरचा नायलॉन प्लग भोकातला भुगा काढल्यावर टाइलच्या मागे, विटेपर्यंत ढकलावा. तो टाइलमध्ये राहिला तर स्क्रू आवळताना फुगतो आणि टाइलला भोकापासून चीर जाते. स्क्रू एवढा लांब असावा की कपाटाची पट्टी, टाइल आणि गिलावा ओलांडून तो प्लगच्या टोकापर्यंत पोहोचेल. या हिशेबाने तो ८५ ते ९० मिलिमीटरचा येतो. दमट जागी तो स्टेनलेस स्टीलचा असावा. जुन्या पद्धतीची लाकडी गुल्ली इथे वापरू नये, ती ओल धरून कुजते. आवळताना स्क्रू घट्ट न होता प्लगसकट फिरत राहिला, तर भोक मोठे झालेले असते. तिथे जाड प्लग घालावा. काड्या कोंबून काम भागवू नये.

चार स्क्रू, वर दोन आणि खाली दोन, बसल्यावर कपाट रिकामे असतानाच तपासावे. दार अर्धे उघडून सोडावे. ते आपोआप उघडत किंवा मिटत गेले तर कपाट ओळंब्यात नाही. बिजागरीचे स्क्रू फिरवण्याआधी खोका सरळ करावा. दार पूर्ण उघडून कडेवर हाताने थोडा भार द्यावा आणि वरच्या कडेला कपाट व टाइल यांत पोस्टकार्ड शिरते का ते पाहावे. शिरले तर वरचा प्लग धरत नाही. ठीक असेल तर वर आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन भरावे. खालची कड मोकळी ठेवावी, म्हणजे मागे गेलेले पाणी निथळून जाते. सामान भरल्यानंतर आठवड्याने पोस्टकार्डची परीक्षा पुन्हा एकदा, दार उघडे ठेवून करावी. तेव्हाही फट नसेल तर भिंतीतली पकड पक्की समजावी.